३७ चे ४० कसे होतात, आणि त्यात टक्के किती वाढतात: ग्रेस मार्कांचा पूर्ण हिशोब

रिझल्ट लागला की दोन प्रकारची पोरं स्टाफरूमच्या दारात येतात. एक म्हणतो, सर मला ३७ होते, मार्कशीटवर ४० कसे आले, काही चुकलंय का. आणि दुसरा रडवेला होऊन म्हणतो, सर मलापण ३७च होते, त्याला ग्रेस दिलं मग मला का नाही. दुसऱ्याला उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो, कारण त्याला वाटतं ग्रेस विषयाला मिळतं. ग्रेस विषयाला मिळत नाही, ते पूर्ण सेमिस्टरच्या निकालाला मिळतं. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचा हिशोब तुम्ही स्वतः कागदावर करू शकता.

मी रिझल्ट कमिटीत बरीच वर्षं लेजर तपासलेत, म्हणून इथे मुंबई युनिव्हर्सिटीचं उदाहरण घेतोय, एफवायबीकॉमचा नेहमीचा सात पेपरांचा पॅटर्न, प्रत्येक पेपर १०० चा, एकूण ७००, पासिंग ४०. नवीन पॅटर्नमध्ये पेपरांची संख्या आणि मार्क बदललेत, तेव्हा तुमचा एकूण आकडा वेगळा असेल तर ७०० च्या जागी तो टाका. दुसरी युनिव्हर्सिटी असेल तर मर्यादा त्यांच्या नियमातून घ्या. मेडिकल, लॉ, इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी आपल्या शिखर संस्थेचा नियम बघा, तो वर बसतो.

आधी मर्यादा समजून घ्या

नियमाचं नाव ऑर्डिनन्स ५०४२-ए. यात प्रत्येक "हेड ऑफ पासिंग"ला जास्तीत जास्त किती मार्क द्यायचे ते ठरलेलं आहे. हेड म्हणजे जिथे वेगळं पास व्हावं लागतं ती गोष्ट. ५० मार्कांपर्यंतचं हेड असेल तर २ पर्यंत, ५१ ते १०० असेल तर ३ पर्यंत, १०१ ते १५० असेल तर ४, आणि असं पुढे वाढत जातं. म्हणजे १०० च्या पेपरला ३७, ३८, ३९ वाले ग्रेसच्या टप्प्यात येतात आणि ३६ वाला येत नाही. ३६ आणि ३७ मध्ये एकाच मार्काचा फरक आहे हे मला मान्य आहे, पण रेघ कुठेतरी ओढावी लागते.

ही झाली पहिली मर्यादा, ती सगळ्यांना माहीत असते. दुसरी कोणी वाचत नाही. सगळ्या हेडमध्ये मिळून दिलेलं ग्रेस त्या परीक्षेच्या एकूण मार्कांच्या १ टक्क्याच्या वर जाता कामा नये. ७०० चा १ टक्का म्हणजे ७ मार्क. सात विषय आहेत म्हणून प्रत्येकी ३ धरून २१ मिळतील असं नाही, पूर्ण सेमिस्टरला एकच डबा आणि त्यात ७ मार्क.

आणि तिसरी अट, जिच्यामुळे दारात रडारड होते: हे ग्रेस दिल्यावर विद्यार्थी पूर्ण परीक्षा पास होत असेल तरच ते द्यायचं. एका विषयाला देऊन तो सुटतोय पण दुसरा राहतोच आहे, तर पहिल्यालाही देत नाहीत. सगळं सुटणार असेल तर द्या, नाहीतर एकही नको.

आता स्वतःचा निकाल कागदावर मांडा

मार्कशीट समोर घ्या. फक्त नापास हेड लिहा, आणि प्रत्येकासमोर ४० ला किती कमी पडतात ते लिहा. तीन प्रश्न विचारायचे. कुठलाही कमीपणा ३ पेक्षा जास्त आहे का. सगळ्या कमीपणाची बेरीज ७ च्या वर जाते का. आणि कुठे ॲबसेंट किंवा मार्क न आलेलं हेड आहे का. तिन्हीला "नाही" उत्तर आलं तर ग्रेस लागलेलं असणार, त्यासाठी अर्ज वगैरे काही नसतो, निकाल तयार होतानाच ते बसतं. एकाला जरी "हो" आलं तरी सगळं अडकतं.

एक पोरगा धरा. अकाउंटन्सी ३७, मॅथ्स-स्टॅट ३८, बाकी कॉमर्स ५८, इकॉनॉमिक्स ५२, बिझनेस कम्युनिकेशन ६१, ईव्हीएस ५५, फाउंडेशन कोर्स ६४. कमीपणा ३ आणि २, बेरीज ५, डब्यात ७ आहेत, म्हणजे दोन्ही सुटले आणि पोरगा पास.

दुसरा पोरगा. अकाउंटन्सी ३७ आणि मॅथ्स ३६, बाकी सगळं व्यवस्थित. बेरीज ३ अधिक ४, बरोबर ७, डब्यात बसतंय असं वाटतं ना? पण मॅथ्सला ४ लागतायत आणि एका हेडला ३ च्या वर देता येत नाहीत. म्हणून मॅथ्स राहिलं, मॅथ्स राहिलं म्हणून परीक्षा पास होत नाही, आणि परीक्षा पास होत नाही म्हणून अकाउंटन्सीचे ३ पण नाहीत. एकाऐवजी दोन केट्या. हाच तो दुसरा, "त्याला दिलं मला का नाही" वाला, आणि त्याच्या मित्राचे मार्क त्याच्यापेक्षा फार काही जास्त नसतात.

एकच विषय उडाला असेल तर वेगळं दार आहे

सगळं पास आणि एकाच हेडमध्ये नापास, अशा वेळी ५०४५-ए म्हणजे कंडोनेशन लागू होऊ शकतं. यात कमीपणा माफ करतात, मर्यादा एकूण मार्कांच्या १ टक्का किंवा त्या हेडच्या १० टक्के, दोन्हीतलं जे कमी ते, आणि काही झालं तरी १० च्या वर नाही. आपल्या उदाहरणात ७०० चा १ टक्का ७, १०० चे १० टक्के १०, कमी कुठलं तर ७. म्हणजे एकाच पेपरला ३३ असतील तरी सुटू शकतो, ३२ असतील तर नाही.

म्हणून विचित्र वाटेल पण एकाच विषयात ३३ वाला पास होतो आणि दोन विषयांत ३७ व ३६ वाला नापास होतो. एकूण कमीपणा दोघांचा ७च आहे! पोरांना हे अन्यायाचं वाटतं आणि मलाही दरवेळी समजावताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण नियमाच्या मागचा विचार असा आहे की एका पेपरला घसरलेल्याला वेगळी सवलत द्यायची.

लेजरमध्ये हे दोन्ही ओळखायला सोपे आहेत. ५०४२-ए चं ग्रेस @ या चिन्हाने दाखवतात, ३७@३ असं दिसलं तर मूळ ३७ आणि दिलेले ३. कंडोनेशनला स्टार असतो. निकालाच्या पानाखाली बारीक अक्षरात चिन्हांचा अर्थ दिलेला असतो, तो वाचा, तिथेच कुठल्या नियमाने पास झालात ते कळतं. एनएसएस, एनसीसी, खेळ यांच्यासाठी ऑर्डिनन्स २२९ खाली जास्तीत जास्त १० मार्कांची सवलत आहे, तिचं चिन्ह # आणि तिचा हिशोब वेगळा. त्याची सर्टिफिकेटं निकालाआधी जमा झालेली असली पाहिजेत, नंतर घेऊन आलात तर नुसती धावाधाव होते.

हेडची गंमत: ४९ मिळूनही नापास

सेल्फ फायनान्सवाल्या कोर्सला ७५ ची लेखी आणि २५ ची इंटर्नल असेल तर ही दोन वेगळी हेडं झाली. ७५ पैकी ३० हवेत, २५ पैकी १० हवेत. एखाद्याला लेखीत २९ आणि इंटर्नलला २०, बेरीज ४९, तरी तो नापास, कारण लेखीचं हेड एका मार्काने राहिलंय. इथे ग्रेसचा १ मार्क लागला की लेखी ३० आणि बेरीज ५०. म्हणजे ग्रेस लागल्यावर विषयाचा आकडा नेहमी ४० वरच थांबतो असं नाही. आणि उलटंही होतं, इंटर्नलला ७ असतील तर २५ चं हेड म्हणून फक्त २ देता येतात, ९ वर अडकला, लेखीत ५५ असले तरी काही उपयोग नाही.

टक्क्यांचं काय होतं

इथे लोकांचा सर्वात मोठा घोळ. "तीन ग्रेस मिळाले म्हणजे तीन टक्के वाढले." नाही हो. विषयाच्या १०० त ते ३ टक्के आहेत, एकूणात नाहीत. एकूण टक्के काढायला ग्रेस भागिले एकूण मार्क गुणिले १००.

पहिला पोरगा परत घ्या. मूळ मार्कांची बेरीज ३७, ५८, ५२, ६१, ५५, ३८, ६४ म्हणजे ३६५. ७०० तून ५२.१४ टक्के. ५ ग्रेस मिळून ३७०, म्हणजे ५२.८६. वाढ पाऊण टक्क्याच्या आतच. डब्यातले सगळे ७ वापरले तरी कुठल्याही सेमिस्टरला वाढ १ टक्क्याच्या वर जाऊ शकत नाही, कारण डब्याचं मापच १ टक्का आहे. आणि तीन वर्षांच्या साधारण चार हजार मार्कांत हेच ५ मार्क म्हणजे एक अष्टमांश टक्का, दुर्बिणीने बघावा लागेल.

पण क्रेडिट सिस्टीममध्ये ग्रेड पॉइंटवर परिणाम बघा, तो मात्र दणदणीत असतो. ४० ते ४४.९९ ला डी, म्हणजे ४ पॉइंट. ४० च्या खाली एफ, म्हणजे ० पॉइंट. या पोराच्या सात विषयांचे पॉइंट ग्रेसनंतर: अकाउंटन्सी ४, कॉमर्स ७, इकॉनॉमिक्स ६, कम्युनिकेशन ८, ईव्हीएस ७, मॅथ्स ४, फाउंडेशन ८. फाउंडेशनला २ क्रेडिट, बाकी सहांना ३-३, एकूण २० क्रेडिट. सहा विषयांची पॉइंटांची बेरीज ३६, गुणिले ३ म्हणजे १०८, फाउंडेशनचे १६, झाले १२४, भागिले २० म्हणजे एसजीपीए ६.२०. ग्रेस नसतं आणि त्या दोन विषयांना शून्य धरलं असतं तर १०० भागिले २०, ५.००. अर्थात नापास असताना एसजीपीए जाहीरच होत नाही, पण फरक कळावा म्हणून सांगतोय. पाच मार्कांनी टक्के ०.७१ सरकले आणि एसजीपीए १.२० ने. मार्कांच्या शिडीला बारीक पायऱ्या आहेत, ग्रेडच्या शिडीला सगळ्यात खालची पायरीच चार फूट उंच आहे.

दहावीची सवय डोक्यात असल्यामुळेही गोंधळ होतो. दहावीला बेस्ट ऑफ फाइव्हमुळे सर्वात कमी मार्कांचा विषय टक्क्यांत येतच नाही, त्यामुळे काठावर सुटलेला विषय टक्केवारीला बाधत नाही. डिग्रीला तसं नाही, सगळे विषय बेरजेत येतात, तो ४० वाला पण.

मार्कशीटमधल्या टोटलमध्ये ग्रेस धरलंय का, हे कसं बघायचं

कुणाला विचारू नका, स्वतः बेरीज करा. सगळ्या विषयांचे छापलेले मार्क जोडा आणि छापलेल्या टोटलशी ताडून बघा. विषयासमोर ४० छापलेत आणि बेरीज टोटलशी जुळतेय, म्हणजे ग्रेस आत आलेलं आहे. ३७@३ असं छापलं असेल तर दोनदा बेरीज करा, एकदा ३७ धरून, एकदा ४० धरून, टोटल ज्याच्याशी जुळेल ते खरं. मग फॉर्म भरताना छापलेल्या टोटलवरूनच टक्के काढा. काही पोरं ४० त परत ३ जोडतात, आणि काही अतिप्रामाणिक पोरं ग्रेस वजा करून कमी टक्के लिहितात, दोन्ही चूक, डॉक्युमेंट तपासणीत छापलेला आकडा बघतात आणि तुमचा आकडा त्याच्याशी जुळला नाही की उगाच प्रश्न येतात.

ग्रेसची किंमत

फुकट मिळालेल्या गोष्टीचीही एक किंमत असते. ५०४३-ए नावाचा दुसरा नियम आहे, वरचा क्लास मिळवायला. थोड्या मार्कांनी क्लास हुकत असेल तर एकूणच्या १ टक्का किंवा १० मार्क, जे कमी असेल ते, देऊन वरचा क्लास देतात. पण अट अशी की सगळे विषय ग्रेस किंवा कंडोनेशन न घेता पास झालेले पाहिजेत.

जिथे क्लास टक्क्यांवर ठरतो तिथे फर्स्ट क्लासला ७०० त ४२० हवेत. एका मुलीचे स्वच्छ पास ४१४ आहेत, ६ कमी, ते मिळतात आणि तिचा फर्स्ट क्लास. दुसरीचे मूळ ४१४च, पण त्यात मॅथ्स ३८ होतं, २ ग्रेस घेऊन ती पास झाली, बेरीज ४१६. तिला ४ च कमी आहेत, पहिलीपेक्षा कमी, तरी ते मिळणार नाहीत, कारण @ लागलंय. ती ५९.४३ वर आणि पहिली ६० वर.

नापास दिसतंय पण हिशोबाने ग्रेस बसतंय, तेव्हा

असं झालं तर रडायच्या आधी एक गोष्ट तपासा, इंटर्नल किंवा प्रोजेक्टचे मार्क. ते मार्क एखाद्या कारणाने गेलेच नाहीत तर त्या हेडला ॲबसेंट येतं. ॲबसेंट हेडमुळे परीक्षा पास होत नाही, आणि मग तुमच्या ३८ ला पण ग्रेस लागत नाही. पोरगा ३८ साठी भांडत बसतो आणि खरा खड्डा तिकडे इंटर्नलमध्ये असतो. आधी ते मार्क दुरुस्त करायचा अर्ज द्या, वर्गातली सही, सबमिशनची पोच जे असेल ते जोडा. ते दुरुस्त झालं की निकाल नव्याने तयार होतो, त्यात ग्रेस आपोआप बसतं.

रिव्हॅल्युएशन कुठल्या विषयाला टाकायचं

ग्रेसने पास झालेल्या विषयाचं रिव्हॅल्युएशन टक्के वाढवायला टाकणार असाल तर थांबा. ३७@३ चा पेपर तपासून ३९ झाले तर ग्रेस ३ चं १ होतं आणि विषयाचे मार्क ४०च राहतात. पहिले तीन मार्क वाढून हाती काहीच लागत नाही, चौथ्या मार्कापासून टोटल हलायला लागते. हां, मार्क ४० किंवा त्याच्या पुढे गेले आणि तुमचं ते एकमेव @ असेल तर ते निघून जातं आणि वरच्या क्लासचं दार उघडतं, तिथे मात्र फी भरण्यात अर्थ आहे.

खरा फायदा त्यांना आहे जे डब्याच्या काठावर अडकलेत. आमच्याकडे एक मुलगी आली होती, अकाउंटन्सी ३७, मॅथ्स ३७, इकॉनॉमिक्स ३८, कॉमर्स ५४, कम्युनिकेशन ६०, ईव्हीएस ४९, फाउंडेशन ५७. कमीपणा ३ अधिक ३ अधिक २, म्हणजे ८. डबा ७ चा. एका मार्काने तीन केट्या. बेरीज ३३२, टक्के ४७.४३, आणि निकालावर नापास.

तिची आई म्हणत होती तिन्ही विषयांना रिव्हॅल्युएशन टाकू. मी म्हटलं ताई, तिन्ही कशाला, कुठल्याही एका पेपरात एक मार्क वाढला की पुरे. आधी तिन्हींची झेरॉक्स घ्या, आणि तीन गोष्टी बघा: आतल्या मार्कांची बेरीज पहिल्या पानावर बरोबर उतरलीय का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आणि गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क दिलेत का. थिअरीच्या पेपरात एक मार्क शोधणं म्हणजे मतामतांचा खेळ, मॅथ्स-अकाउंटन्सीत पायरी दाखवता येते. मार्क कमी झाले तर काय, हे नोटिशीत वाचूनच फॉर्म भरा, कारण काठावर एक मार्क वर जसा उपयोगी तसा एक मार्क खाली तितकाच महाग.

मॅथ्सच्या पेपरात एका स्टॅटिस्टिक्सच्या गणिताच्या टेबलला मार्क द्यायचे राहिले होते. ३७ चे ३८ झाले. कमीपणा आता ३, २ आणि २, बरोबर ७. तिन्ही विषय एका झटक्यात ४० वर आले. बेरीज ३३३ मूळ, अधिक ७ ग्रेस, ३४०. टक्के ४८.५७, एसजीपीए ५.३५. एका खऱ्या मार्कामागे सात मार्क चालत आले. आईने विचारलं, सर मग बाकी दोन पेपरांच्या झेरॉक्सचे पैसे वाया गेले का? म्हटलं हो ताई, ते गेले.